‘महोदय’नंतरचे वाक्य

स. न. वि. वि.

मी २७ वर्षांची असून बी.कॉम. आहे. इचलकरंजीत एका कर सल्लागारांकडे तीन वर्षे काम करते. गेल्या पाच महिन्यांत १४ ठिकाणी अर्ज पाठवले, उत्तर फक्त दोन ठिकाणांहून आले. प्रत्येक अर्जाची सुरुवात ‘आपल्या दि. अमुक रोजीच्या जाहिरातीस अनुसरून मी अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी अर्ज सादर करीत आहे’ अशीच करते, कारण शाळेपासून तेच शिकवले आहे. आता शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीची जाहिरात आली आहे: ‘अकाउंट्स असिस्टंट पाहिजे. बी.कॉम., टॅली, जीएसटी, जॉबवर्क चलनांचा हिशेब. अनुभव २ ते ३ वर्षे. अर्ज ई-मेलने, मराठीत चालेल.’ मला फाउंड्रीचा काहीच अनुभव नाही, आमच्याकडे सगळे यंत्रमागवाले. मसुदा सोबत पाठवत आहे. पहिले वाक्य बदलायचे तर काय लिहू? भलतेच काही लिहून हसे होईल, अशी भीती वाटते.

— एक वाचक, इचलकरंजी

नमस्कार.

तुमचा मसुदा दोनदा वाचला. त्यातले पहिले वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, खरेही आहे, आणि म्हणूनच ते खोडायला हात धजत नसावा. त्याची अडचण एवढीच आहे की तीच गोष्ट त्यात तिसऱ्यांदा सांगितली गेली आहे. ‘विषय’ या शब्दापुढे तुम्ही पदाचे नाव लिहिले आहे, त्याखाली ‘संदर्भ’ म्हणून जाहिरातीची तारीख दिली आहे, आणि मग ‘महोदय’ झाल्यावर त्याच दोन गोष्टी एका वाक्यात गुंफून पुन्हा लिहिल्या आहेत. वाचणाऱ्याच्या तोवर तीन ओळी वाचून झालेल्या असतात आणि तुमच्याविषयी त्याला अजून काहीही कळलेले नसते, कारण हे वाक्य जाहिरात वाचलेल्या कोणालाही लिहिता येते आणि अर्ज करणारे सगळे जाहिरात वाचलेलेच असतात.

या वाक्याला एके काळी काम होते आणि काही ठिकाणी ते आजही आहे. सरकारी कचेरीत आलेला कागद आधी बारनिशीत जातो. तिथला लिपिक त्यावर आवक क्रमांक घालतो आणि तो कोणत्या टेबलाकडे पाठवायचा हे ठरवतो. त्याला कागद कशाविषयी आहे हे पहिल्या दोन ओळींत कळणे आवश्यक असते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ ही भाषा त्या व्यवस्थेतून आली आणि शाळेच्या पत्रलेखनात तशीच उतरली. तुमचा अर्ज मात्र फाउंड्रीच्या मेलबॉक्समध्ये जाणार आहे, आणि तिथे बारनिशीचे काम मेलचा विषय करतो. तेव्हा पदाचे नाव आणि जाहिरातीचा उल्लेख टाकून द्यायचा नाही, त्याला त्याच्या जागी बसवायचे आहे. मेलच्या विषयात ‘अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज – बी.कॉम., जॉबवर्क व जीएसटी, ३ वर्षे’ असे लिहा. जाहिरातीची तारीख ‘संदर्भ’ या ओळीत असू द्या. एवढे झाले की ‘महोदय’नंतरची जागा मोकळी होते.

ती जागा किती मोलाची आहे हे मी एका मशिन शॉपच्या कार्मिक विभागात असताना पाहिले आहे. आमचे हिशेब विभागाचे प्रमुख अर्ज संध्याकाळी, गेटवर गाडीची वाट पाहत उभे असताना, फोनवर पाहत असत. मेलच्या यादीत त्यांना प्रत्येक अर्जाच्या तीन गोष्टी दिसत: पाठवणाऱ्याचे नाव, विषय, आणि त्याखाली फिकट अक्षरांत मजकुराचे पहिले काही शब्द. एका संध्याकाळी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. एकाखाली एक सात-आठ मेल होते आणि प्रत्येकाखाली फिकट अक्षरांत ‘महोदय, आपल्या दिनांक’ एवढेच दिसत होते. ते म्हणाले, “यातला कोणता आधी उघडू, तुम्हीच सांगा.” मला सांगता आले नाही. शेवटी त्यांनी वरून क्रमाने उघडायला सुरुवात केली आणि गाडी आल्यावर फोन खिशात टाकला. खालच्या अर्जांचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही.

आता तुमच्या हातातल्या जाहिरातीकडे येऊ. मी ती वाचली तेव्हा माझे लक्ष एकाच शब्दावर थांबले. बी.कॉम., टॅली आणि जीएसटी हे तीन शब्द अकाउंट्सच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतात; ते गाळले तरी उमेदवार तेच येतील. ‘जॉबवर्क चलनांचा हिशेब’ हे मात्र कोणी सवयीने छापत नाही. छोट्या जाहिरातीत शब्दाशब्दाला पैसे मोजणाऱ्या माणसाने ते मुद्दाम घातले आहे, याचा अर्थ त्यांचे दुखणे तिथे आहे. आधीचा माणूस ते काम अर्धवट सोडून गेला असेल, लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला असेल किंवा मालकाला स्वतः रविवारी बसून चलने जुळवावी लागत असतील. नेमके कारण आपल्याला कळणार नाही आणि त्याची गरजही नाही. पहिले वाक्य त्या दुखण्याशी बोलले पाहिजे, एवढे पुरे.

दुखणे कशाचे असते हेही सांगतो, कारण त्याशिवाय तुमचे वाक्य पोकळ होईल. फाउंड्रीत ओतलेले कास्टिंग पुष्कळदा मशिनिंगसाठी बाहेरच्या मशिन शॉपमध्ये जाते. ते विकलेले नसते, त्यामुळे त्यावर कर न आकारता ते चलनावर पाठवले जाते. जीएसटी कायद्यानुसार असा माल १ वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच पुढे ग्राहकाकडे जावा लागतो. तसे झाले नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर ज्या दिवशी तो बाहेर गेला त्याच दिवशी त्याचा पुरवठा झाला असे धरून कर आणि त्यावरचे व्याज भरावे लागते. शिवाय कास्टिंग जाते तेव्हा त्याचे वजन जास्त असते, येते तेव्हा धातूचा कीस गेल्यामुळे ते कमी झालेले असते, काही नग रिजेक्ट होतात, आणि एका चलनावरचा माल तीन खेपांमध्ये, तीन वेगळ्या चलनांवर परत येतो. कोणत्या चलनावरचे किती नग अजून यायचे आहेत, हे सांगू शकणारा माणूस त्यांना हवा आहे.

तुमच्या मसुद्याचा चौथा परिच्छेद काढून पुन्हा वाचा. तिथे तुम्ही लिहिले आहे: ‘मला फाउंड्री क्षेत्राचा अनुभव नाही. आमच्याकडे फक्त यंत्रमाग व्यावसायिक असून त्यांचे सूत सायझिंगला व विणकामाला पाठवल्याची चलने तपासणे, परत न आलेल्या मालाची यादी दर महिन्याला काढणे व आयटीसी-०४ भरणे एवढेच काम मी केले आहे. सुरुवातीस ११ व्यावसायिक होते, सध्या १८ आहेत.’ हा परिच्छेद तुम्ही क्षमा मागण्यासाठी लिहिला आहे. ‘फक्त’ आणि ‘एवढेच’ हे शब्द त्याची साक्ष देतात. पण फाउंड्रीचा हिशेबनीस तो वाचेल तर त्याला त्यात त्याचेच काम दिसेल, आणि खरे म्हणजे त्याच्या कामापेक्षा अवघड काम दिसेल. कास्टिंग नगांत जाते आणि नगांतच परत येते. तुमच्याकडे सूत किलोत जाते आणि कापड मीटरमध्ये परत येते. मध्ये सायझिंगला त्यावर खळ चढते, मागावर घट येते, आणि एका सुताचे दोन जातींचे कापड झाले तर त्याची वाटणी करावी लागते. असा हिशेब जिने तीन वर्षे जुळवला, तिला नग मोजायला काय अवघड जाणार?

तेव्हा पहिल्या वाक्याचा ऐवज तुमच्याजवळच होता, फक्त तो चौथ्या परिच्छेदात, मान खाली घालून उभा होता. माझ्या अनुभवात बहुतेक अर्जांचे असेच असते. कोणी शेवटून दुसऱ्या ओळीत लिहितो की त्याने गोदामातील जुन्या मालाची मोजणी लावून दिली, आणि पहिल्या ओळीत लिहितो की तो होतकरू आहे. (होतकरू हा शब्द दुसऱ्याने आपल्याविषयी म्हणायचा असतो, स्वतःविषयी म्हटला की तो उगाच वयाने लहान करतो.)

आता वाक्य घडवू. मी तुमच्या जागी बसून, तुम्ही जसे लिहाल तसा पहिला प्रयत्न करतो:

‘मी गेली ३ वर्षे एका कर सल्लागारांच्या कार्यालयात कार्यरत असून टॅली, जीएसटी तसेच जॉबवर्कचे काम पाहते.’

जाहिरातीचा उल्लेख गेला, हे बरे झाले, पण वाक्य अजून कोणाचेही आहे. यात दोन शब्द विशेष नडतात. ‘कार्यरत असून’ हा शब्दप्रयोग वाक्य लांबवतो आणि काहीच सांगत नाही. ‘पाहते’ हे क्रियापद तर मराठी अर्जांमधला सर्वांत फसवा शब्द आहे. जॉबवर्कचे काम ‘पाहणारी’ व्यक्ती चलने लिहीत असेल, तपासत असेल, टॅलीत घालत असेल किंवा दुसऱ्याने केलेल्या कामावर सही करत असेल. ‘सांभाळणे’ आणि ‘हाताळणे’ हे त्याचेच भाऊबंद. मुलाखतीला बोलावण्याआधी वाचणाऱ्याला हेच कळायला हवे असते की तुमच्या हातून नेमके काय होते, आणि नेमके तेच हे शब्द झाकून ठेवतात. शिवाय टॅली, जीएसटी आणि जॉबवर्क यांना एका रांगेत बसवल्यामुळे जो शब्द वेगळा होता तोही गर्दीत हरवला.

दुसरा प्रयत्न असा करू:

‘इचलकरंजीतील एका कर सल्लागारांच्या कार्यालयात गेल्या ३ वर्षांपासून १८ यंत्रमाग व्यावसायिकांच्या सायझिंग, विणकाम व प्रोसेसिंगसाठी बाहेर जाणाऱ्या व परत येणाऱ्या मालाच्या चलनांचा हिशेब मी ठेवत आहे.’

तपशील आला, संख्या आली. पण हे वाक्य मोठ्याने वाचून पाहा. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि त्याच्याआधी आपण ‘च्या’ आणि ‘साठी’ यांची माळ ओवत गेलो की वाचणाऱ्याला सगळे ओझे हातात धरून शेवटच्या शब्दापर्यंत चालावे लागते. फोनच्या यादीत यातले फक्त ‘महोदय, इचलकरंजीतील एका कर’ एवढेच दिसेल, म्हणजे तुमचा पत्ता. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तुम्ही हिशेब ‘ठेवत’ नाही. चलने त्या-त्या व्यावसायिकाचे दिवाणजी लिहितात. तुम्ही ती तपासता आणि परत न आलेल्या मालाची यादी काढता. मुलाखतीत पहिलाच प्रश्न ‘चलनबुक तुम्हीच लिहिता का?’ असा येईल आणि पहिल्याच वाक्यातून माघार घ्यावी लागेल. तिसरी गोष्ट संख्येची. ३ वर्षे १८ व्यावसायिक होते असे या वाक्यावरून वाटते, आणि तुम्हीच लिहिले आहे की सुरुवातीला ते ११ होते. पहिल्या वाक्यातल्या प्रत्येक आकड्यामागे तुम्हाला दोन मिनिटे बोलता आले पाहिजे. जो आकडा विचारला जाऊ नये असे मनात वाटते, तो लिहू नये.

म्हणून क्रम उलटा करू. आधी मालाची हालचाल, मग तुमचे काम, मग आवाका:

‘सूत किलोत बाहेर जाते आणि कापड मीटरमध्ये परत येते, त्यांतील कोणत्या चलनावरचे किती यायचे राहिले, याची यादी मी ३ वर्षे दर महिन्याला काढत आले आहे, सध्या १८ यंत्रमाग व्यावसायिकांसाठी.’

यात स्वतःची स्तुती करणारा एकही शब्द नाही. ‘यादी काढत आले आहे’ हे क्रियापद खरे आहे आणि वाचणाऱ्याला जे हवे आहे त्याचे तेच नाव आहे. यादीत ‘महोदय, सूत किलोत बाहेर जाते’ असे दिसेल, आणि शिरोलीतल्या हिशेबनिसाला क्षणभर वाटेल की हा मेल चुकून आपल्याकडे आला. तो उघडून पाहील आणि दुसऱ्या अर्ध्या वाक्यात त्याला चलन हा शब्द भेटेल. सुरुवात थोडी वेगळी वाटली तरी हसे होण्याची भीती बाळगू नका, कारण हसे होते ते कामाशी संबंध नसलेल्या नटव्या वाक्याचे. सुविचाराने, सुभाषिताने किंवा ‘आपणांस प्रामाणिक कर्मचारी हवा आहे का?’ अशा प्रश्नाने सुरू होणारे अर्ज मी पुष्कळ पाहिले, आणि ते उघडणारे पुढे वाचण्याऐवजी शेजाऱ्याला दाखवत असत. ‘आपल्या नामांकित कंपनीत’ हाही त्याच जातीचा. मालकाला आपल्या कंपनीचे नाव किती आहे हे आपल्यापेक्षा नीट ठाऊक असते.

पहिले वाक्य एकटे सोडू नका. त्याने फाउंड्रीशी असलेला दुवा अजून उघड केलेला नाही, आणि तो वाचणाऱ्याने स्वतः लावावा अशी अपेक्षा ठेवणे धोक्याचे आहे. दुसरे वाक्य ते काम करील, आणि तुमची चौथ्या परिच्छेदातली कबुलीही तिथेच, क्षमेचा सूर न लावता, उरकून जाईल:

‘आपल्याकडे कास्टिंग मशिनिंगसाठी बाहेर जाऊन परत येताना वजन बदलत असेल आणि नग जुळवावे लागत असतील, त्या हिशेबाची रीत मला परिचयाची आहे, फाउंड्रीतील मालाची नावे मात्र शिकावी लागतील.’

‘असेल’ आणि ‘असतील’ हे शब्द मुद्दाम ठेवले आहेत. तुम्ही त्यांचा कारखाना आतून पाहिलेला नाही, तेव्हा तिथे काय चालते हे त्यांनाच ठामपणे सांगणे शोभणार नाही. वाक्याचा शेवटचा भाग काढावासा वाटेल, काढू नका. काय येत नाही हे एका छोट्या उपवाक्यात सांगणाऱ्या माणसाच्या आधीच्या विधानावर विश्वास बसतो, आणि मालाची नावे ही महिन्याभरात शिकण्यासारखी गोष्ट आहे हे तेही जाणतात. याच्यापुढे आयटीसी-०४ या जॉबवर्कच्या विवरणपत्राचे एक वाक्य घाला. ५ कोटी रुपयांच्या वर उलाढाल असलेल्यांना ते सहा महिन्यांनी आणि बाकीच्यांना वर्षातून एकदा भरावे लागते. तुमच्या १८ जणांमध्ये दोन्ही प्रकारचे असतील तर तसे लिहा, कारण फाउंड्री यांपैकी कोणत्या गटात आहे हे आपल्याला माहीत नाही.

एक सावधगिरी मात्र पाळायला हवी. तुम्ही कर सल्लागारांकडे आहात, म्हणजे लोकांचे आकडे तुमच्या हाताखालून जातात. पहिले वाक्य वजनदार व्हावे म्हणून कोणा मोठ्या व्यावसायिकाचे नाव, त्याची उलाढाल किंवा अमक्याचा इतका कर वाचवला असे लिहिण्याचा मोह होतो. ते लिहू नका. ज्याला पत्र वाचायचे आहे तोही उद्या आपले आकडे तुमच्याच हाती देणार आहे, आणि त्याच्या मनात पहिला विचार हाच येईल की ही बाई आपलेही आकडे पुढच्या अर्जात लिहील. संख्या किती व्यावसायिकांची, किती वर्षांची, किती वेळा, एवढ्यावरच थांबू द्या.

हे वाक्य शिरोलीच्या जाहिरातीसाठी आहे, इतर ठिकाणांसाठी नाही. तुमचे पहिले वाक्य १४ ठिकाणी सारखे चालू शकले, कारण ते कोणालाच उद्देशून नव्हते. समजा पुढच्या आठवड्यात सांगलीच्या एखाद्या वितरकाची जाहिरात आली आणि त्यात ‘खरेदी बिलांची २बीशी जुळणी’ असे लिहिले असेल, तर तिथे सूत आणि कापड यांचा काही उपयोग नाही. वितरकाचे दुखणे वेगळे असते. पुरवठादाराने बिल दिले पण ते आपल्या विवरणपत्रात दाखवले नाही, तर जीएसटीआर-२बीमध्ये ते येत नाही आणि त्यावरचे इनपुट टॅक्स क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही. २बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ३बी २० तारखेपर्यंत भरायचे असते. त्या सहा दिवसांत बिले जुळवणे, न दिसणाऱ्या बिलांची यादी करणे आणि पुरवठादारांना फोन लावणे, हे सगळे होते. तुम्ही ते करत असालच. मग पहिले वाक्य असे होईल:

‘दर महिन्याच्या १४ ते २० तारखेदरम्यान खरेदीच्या नोंदी २बीशी पडताळून, न दिसलेल्या बिलांसाठी पुरवठादारांना फोन करण्याचे काम मी ३ वर्षे करत आहे.’

साधे आहे, पण ज्याने १९ तारखेच्या रात्री ऑफिसात बसून पुरवठादाराच्या फोनची वाट पाहिली आहे त्याला दोन तारखा वाचूनच कळेल की लिहिणारीने हे काम केले आहे. इथेही ‘पुरवठादारांना फोन करण्याचे’ हे शब्द तुम्ही खरोखर फोन करत असाल तरच ठेवा. तुमच्या कार्यालयात यादी व्यापाऱ्याला पाठवून तोच फोन करतो अशी रीत असेल, तर ‘न दिसलेल्या बिलांची यादी व्यापाऱ्याकडे पाठवण्याचे’ असे लिहा. वाक्य थोडे फिके पडेल, पण उभे राहील.

हे कुठे करू नये तेही सांगून ठेवतो. जिल्हा परिषद, महानगरपालिका, शासकीय भरती यांचे अर्ज बहुतेक ऑनलाइन, ठरलेल्या रकान्यांत भरायचे असतात. तिथे पहिले वाक्य हा प्रश्नच येत नाही. आणि जिथे कागदावर, विहित नमुन्यात अर्ज मागितला आहे, तिथे ‘उपरोक्त जाहिरातीस अनुसरून’ हेच योग्य आहे आणि त्यात हात घालू नये, कारण तो कागद अजूनही बारनिशीतूनच जातो. एक अपवाद खाजगी नोकरीतही आहे. कारखान्यातल्या कोणी ओळखीच्या माणसाने तुम्हाला अर्ज करायला सांगितले असेल, तर त्यांना विचारून त्यांचे नाव पहिल्या वाक्यात घ्यावे आणि सुताचे वाक्य दुसऱ्या जागी न्यावे. वाचणारा आधी त्या माणसालाच फोन लावतो.

शिरोलीचा अर्ज पाठवण्यापूर्वी एक काम करा. जुना चौथा परिच्छेद पूर्ण काढून टाका, नाहीतर वर सांगितलेलीच गोष्ट खाली पुन्हा क्षमेच्या सुरात येईल. मग तो मेल आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा आणि फोनवर न उघडता यादीतच पाहा. विषयाच्या ओळीतले ‘जॉबवर्क’ दिसते का आणि त्याखाली फिकट अक्षरांत ‘सूत किलोत’पर्यंत येते का, हे बघा. विषय लांब झाल्याने जॉबवर्क हा शब्द कापला जात असेल तर ‘पदासाठी अर्ज’मधले ‘पदासाठी’ काढा आणि ‘बी.कॉम.’ हा मजकूर बायोडाटावर सोपवा. तो तिथे तसाही आहे.